चेहऱ्यातलं काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं: फोटो, टॉर्च आणि एक वही

एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी काही वर्षं फोटो काढायचं काम केलं. उपचाराआधीचा एक, नंतरचा एक, दोन्ही अगदी सारख्या अंतरावरून आणि सारख्या उजेडात. त्या कामात एक गोष्ट वारंवार दिसायची. माणूस एका तक्रारीसाठी यायचा, नीट काढलेला फोटो पाहायचा आणि म्हणायचा, "अरे, हे तर एवढं दिसतच नाही." मग त्याचं बोट भलत्याच जागी जायचं. म्हणजे अनेकदा माणूस पैसे खर्च करायला तयार असतो, पण कशावर खर्च करायचा ते आधीच चुकलेलं असतं.

खाली दिलेली रीत त्याच कामातून जमत गेली. ती मी माझ्या मावसबहिणीच्या यादीवर पहिल्यांदा पूर्णपणे वापरली, म्हणून तिचंच उदाहरण घेऊन सांगते. लागतं काय, तर फोन, छोटा टॉर्च, हातातला आरसा, एक वही आणि साधारण दोन आठवड्यांचा धीर. या दोन आठवड्यांत काहीही विकत घ्यायचं नाही.

रीत सुरू करण्याआधी एक अपवाद सांगून ठेवते. तीळ किंवा डाग आकार, कडा किंवा रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल, एखादी जखम काही आठवडे भरतच नसेल, तर ते यादीत लिहू नका, डॉक्टरला दाखवा. चेहऱ्याची एक बाजू अचानक लोंबली तर एक मिनिटही न थांबता दवाखाना गाठायचा. नाकातून श्वास नीट न येणं, दात नीट न जुळल्यामुळे चावता न येणं, पापणी डोळ्यावर येऊन दिसायला अडचण होणं, हेही दिसण्याचे प्रश्न नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा.

पायरी पहिली: यादी, पण वर्णनाच्या भाषेत

वहीत जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहा. अट एकच: दुसऱ्याला त्या जागी बोट ठेवता आलं पाहिजे. "माझं नाक वाईट आहे" हे चालणार नाही. "समोरून पाहिलं की नाकाचा शेंडा रुंद दिसतो" हे चालेल. "चेहरा थकलेला दिसतो" याऐवजी "डोळ्यांखाली आतल्या कोपऱ्यापासून गालापर्यंत काळी रेघ दिसते" असं लिहा. वाईट, कुरूप, भयंकर असे शब्द आले की खोडून पुन्हा लिहायचं. फार शिस्त वाटेल, पण पुढची सगळी तपासणी याच वाक्यांवर होणार आहे, आणि "वाईट" या शब्दाची तपासणी करता येत नाही.

बहिणीची यादी अशी झाली. एक, नाक रुंद. दोन, डोळ्यांखाली काळं. तीन, गालांवर मुरुमांचे तपकिरी डाग. चार, हनुवटीखाली जाड वळी. पाच, डावी भुवई उजवीपेक्षा पातळ. सहावी गोष्ट तिला लिहायची होती, "एकूण रंग थोडा उजळ हवा." ती मी लिहू दिली नाही. का, ते रंगाच्या तपासणीत येईल.

पायरी दुसरी: दीड मीटरवरून फोटो

सेल्फीवरून चेहऱ्याचा निर्णय घेणं म्हणजे दाराच्या भिंगातून माणूस पाहण्यासारखं आहे. कॅमेरा जवळ आला की जवळची गोष्ट मोठी आणि लांबची लहान दिसते. चेहऱ्यात सगळ्यात पुढे नाक, सगळ्यात मागे कान. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दिसते. यात फोनच्या दर्जाचा दोष नाही. महागडा कॅमेराही त्या अंतरावरून तेच दाखवेल.

म्हणून फोन टेकवून ठेवा, मागचा कॅमेरा वापरा, टायमर लावा आणि दीड मीटर लांब उभे राहा. चेहरा लहान आला तर झूम करा किंवा नंतर कापून घ्या. अंतर तेच राहिलं तर झूममुळे चेहऱ्याचं प्रमाण बिघडत नाही. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा. खिडकीकडे तोंड करून दिवसाच्या मऊ उजेडात, सौंदर्य वाढवणारे सगळे फिल्टर बंद करून, चेहरा सैल ठेवून तीन फोटो घ्या: समोरून, अगदी बाजूने आणि तिरका. मग एक चौथा फोटो डोक्यावरच्या दिव्याखाली. हा चौथा मुद्दाम वाईट उजेडातला आहे, कारण खड्डे, वळ्या आणि सावल्या त्यात सगळ्यात जास्त दिसतात.

आता दुसरी अडचण. हे फोटो पाहून बहुतेकांना वाटतं, "मी असा नाही." आरशात आपण स्वतःला उलटं पाहतो, फोटोत सुलटं. प्रत्येक चेहऱ्याच्या दोन बाजूंत थोडा फरक असतोच, आणि फोटोत तो फरक आपल्या सवयीच्या विरुद्ध बाजूला जातो. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशासारखा उलटा फोटो जास्त आवडला, आणि त्यांच्याच जवळच्या माणसांना सुलटा. म्हणजे "माझा चेहरा वाकडा आहे" ही तक्रार फोटो पाहून नव्यानेच सुचली असेल, तर ती यादीत घेऊ नका. बहिणीने ती लगेच सुचवली होती.

पुढचं काम मला फार उपयोगी वाटतं. समोरचा फोटो अशा दोन माणसांना दाखवा, जे तुम्हाला दुखवायलाही उत्सुक नाहीत आणि खूश करायलाही नाहीत. विचारायचं फक्त इतकंच: "पहिल्यांदा नजर कुठे जाते?" यादी सांगायची नाही. "माझं नाक मोठं वाटतं का?" असं विचारलंत की समोरचा नाकच पाहणार. बहिणीच्या फोटोवर एकाने "गालावरचे डाग" म्हटलं, दुसरीने "डोळे छान आहेत" म्हटलं. नाकाचं नाव कुणीच घेतलं नाही. दीड मीटरवरच्या फोटोत तिलाही ते खटकलं नाही. पहिल्या क्रमांकाची तक्रार, जिच्यासाठी तिने शस्त्रक्रियेची चौकशी सुरू केली होती, दुसऱ्याच पायरीवर कंसात गेली. खोडली नाही, कंसात ठेवली. एक वर्षाने पुन्हा पाहायचं ठरलं.

पायरी तिसरी: जे दिसतं ते कशामुळे दिसतं

माझ्या मते सगळी रीत या पायरीवर उभी आहे. चेहऱ्यावरची जवळजवळ प्रत्येक तक्रार सहा कारणांपैकी एकात बसते: सावली, रंग, सूज, चरबी किंवा स्नायू, हाड किंवा दात, आणि केस. उपाय कारणावर चालतो. रंगावरची क्रीम सावलीवर काहीही करू शकत नाही, आणि चेहऱ्याचा व्यायाम हाडावर. पैसा सगळ्यात जास्त वाया जातो तो इथेच, म्हणून डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांचं उदाहरण सावकाश पाहू.

बहिणीच्या कपाटात डोळ्यांखाली लावायच्या चार क्रीम होत्या. चारही अर्ध्या संपलेल्या. मी तिला हातातला आरसा देऊन खिडकीसमोर बसवलं.

पहिली चाचणी उजेडाची. मान सरळ ठेवून पाहा, मग चेहरा वर, छताच्या दिव्याकडे करून पाहा. किंवा समोरून, डोळ्यांच्या उंचीवर, दुसऱ्याला टॉर्च धरायला सांगा आणि त्या वेळी डोळे मिटून फोटो काढून घ्या. काळी रेघ बरीचशी गेली, तर ती सावली आहे. खालची पापणी आणि गाल यांच्या मध्ये एक खळगा असतो. कुणाचा उथळ, कुणाचा खोल. वरून उजेड आला की त्यात सावली पडते. वय वाढतं तसा तो जास्त उठून दिसतो.

दुसरी चाचणी बोटाची. खालची कातडी अगदी हलक्या हाताने बाजूला ताणा. काळेपणा कातडीबरोबर सरकला आणि तेवढाच तपकिरी राहिला, तर रंगद्रव्य आहे. ताणल्यावर निळसर-जांभळा रंग जास्त दिसू लागला, तर पातळ कातडीतून आतल्या रक्तवाहिन्या दिसताहेत.

तिसरी चाचणी घड्याळाची. सकाळी उठल्यावर फुगलेलं आणि दुपारपर्यंत उतरलेलं असेल, तर सूज आहे. अपुरी झोप, खारट जेवण, ॲलर्जी ही तिची नेहमीची कारणं. ॲलर्जीने डोळे खाजतात, खाजवले की कातडी आणखी काळवंडते. अशा माणसाला क्रीमपेक्षा ॲलर्जीचा उपचार कामी येतो.

बऱ्याच जणांत दोन-तीन कारणं एकत्र असतात. तेव्हा सगळ्यात मोठा वाटा कशाचा, एवढंच ठरवायचं. बहिणीच्या बाबतीत टॉर्च समोर धरल्यावर जवळजवळ सगळा काळेपणा गेला. तिचा प्रश्न खळग्याचा होता, आणि चारही क्रीम रंगावरच्या होत्या. त्यांनी काही केलं नाही यात नवल नव्हतं. "ताई, मी दोन वर्षं सावलीला क्रीम लावत होते," असं ती स्वतःच म्हणाली.

बाकीच्या चाचण्या लहान आहेत. डागांसाठी टॉर्च गालाच्या अगदी बाजूने, कातडीला जवळजवळ समांतर धरा. काठ उठून दिसले आणि आत सावली पडली तर खड्डा आहे. काहीच उठून आलं नाही तर सपाट डाग आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सपाट तपकिरी डाग महिन्यांच्या हिशेबात फिके होतात, खड्डा मात्र क्रीमने भरत नाही. त्याला लेझर किंवा सुया वापरून केलेले दवाखान्यातले उपचार लागतात, आणि त्यानेही तो उथळ होतो, पूर्ण नाहीसा क्वचितच होतो. बहिणीच्या गालांवर सपाट डाग अकरा निघाले, आणि डाव्या कानशिलाजवळ दोन खड्डे.

आता तो रंग. तुमचा मूळ रंग पाहायचा असेल तर दंडाची आतली बाजू पाहा, जिथे ऊन पोहोचत नाही. चेहरा त्याहून गडद झाला असेल तर त्यातला काही भाग उन्हाचा किंवा डागांचा असतो, आणि तेवढा परत येऊ शकतो. दंडाच्या पलीकडे उजळ होण्याची इच्छा मात्र यादीतून काढून टाका. भराभर उजळ करणाऱ्या कित्येक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा खरंच गुळगुळीत आणि उजळ दिसतो, आणि तोच सापळा असतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, आणि क्रीम बंद केली की आग आणि लाली उसळते. मग माणूस घाबरून तीच क्रीम पुन्हा लावतो. दवाखान्यातले सगळ्यात दुःखी फोटो मी या लोकांचे काढले आहेत. महिना-दोन महिने अशी क्रीम लावली असेल तर आपल्या मनाने थांबवू नका, डॉक्टरला डबी दाखवून थांबवा.

हनुवटीखालच्या वळीसाठी बाजूचा फोटो घ्या: एकदा नेहमीसारखं उभं राहून, एकदा डोकं मागे घेऊन, म्हणजे कान खांद्याच्या रेषेत येईल असं. पुष्कळ लोकांची मान पुढे आलेली असते, आणि वळीचा काही भाग तिथेच तयार होतो. उरलेला भाग चरबीचा आहे की हनुवटीचं हाड मागे असल्याचा, ते ओठांवरून कळतं. बाजूच्या फोटोत खालच्या ओठापासून सरळ खाली रेघ काढली आणि हनुवटी तिच्या बरीच मागे पडली, तर हाडाचा वाटा मोठा आहे. बहिणीचं तसंच निघालं. वजन तिचं योग्य होतं. जबड्याचे व्यायाम, जीभ टाळूला लावून ठेवणं, चिकट काहीतरी चघळत राहणं यांनी मोठ्या माणसाचं हाड पुढे येत नाही. चघळून जबड्याचा स्नायू तेवढा जाड होतो, आणि काहींचा जबडा दुखायला लागतो.

पायरी चौथी: थांबल्यावर काय होतं?

आता प्रत्येक गोष्टीपुढे चार रकाने आखा. रोजचा वेळ. वर्षाचा खर्च, एका वेळचा नव्हे. परत फिरता येतं का. आणि थांबल्यावर काय होतं. शेवटचा रकाना बहुतेक लोक भरतच नाहीत, आणि खरी किंमत तिथेच लपलेली असते.

बोटॉक्सचा परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो. म्हणजे ती एक खरेदी नाही, वर्षातून तीन-चार वेळा येणारं बिल आहे. दहा वर्षांचा आकडा लिहून पाहा आणि मग ठरवा. फिलर म्हणजे कातडीखाली टोचून जागा भरणारा पदार्थ; त्यातलं हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. ते विरघळवणारं इंजेक्शन आहे, म्हणून बऱ्याच अंशी परत फिरता येतं. पण ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरू शकते, आणि क्वचित दृष्टीही जाऊ शकते. म्हणून ते कोण टोचतंय आणि गडबड झाली तर विरघळवणारं औषध तिथेच हाताशी आहे का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारायचा. दात सरळ करायला साधारण दीड-दोन वर्षं लागतात, आणि नंतर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर लावत राहिलं नाही तर दात जुन्या जागेकडे सरकू लागतात. गालातली चरबी काढून टाकली की ती परत येत नाही, आणि वयाबरोबर चेहऱ्याची चरबी तशीही कमी होत जाते. पंचविशीत कोरीव वाटणारा गाल पुढे खप्पड दिसू शकतो. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागू शकतं, आणि काहींना दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं.

वेळेचा हिशेबही असाच करा. रोजची दहा मिनिटं म्हणजे वर्षाला सुमारे ६१ तास. डाग आणि मुरुम यांच्यासाठी हे तास मी आनंदाने देईन. चेहऱ्यावर दगड घासून जबडा कोरण्यासाठी नाही. त्याने सूज थोडी उतरते आणि काही तासांत परत येते.

पायरी पाचवी: क्रम

नियम तीनच आहेत. जे नीट फोटोत किंवा दुसऱ्याच्या नजरेत आलं नाही, ते सोडा. जे आलं, त्यात ज्याचं कारण पक्कं कळलंय आणि जे परत फिरवता येतं, ते आधी. आणि जे परत फिरवता येत नाही, ते त्याच शब्दांत बारा महिने यादीत टिकलं पाहिजे. वाक्य बदललं, किंवा "नाक" जाऊन "हनुवटी" आली, तर वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. हा तिसरा नियम लोकांना अन्यायाचा वाटतो. पण दवाखान्यात तक्रारी जागा बदलताना मी इतक्या पाहिल्या आहेत की मी तो सैल करणार नाही.

बहिणीचा क्रम असा ठरला. भुवया सगळ्यात वर, कारण फुकट होत्या. डावी भुवई पातळ होती, कारण तीच ती जास्त उपटायची. उजव्या हाताने तिकडचे केस ओढणं तिला सोपं जायचं. दोन महिने चिमटा बंद, एवढाच उपाय. वर्षानुवर्षं उपटलेले काही केस परत येत नाहीत, त्यामुळे जिथे रिकामं राहील तिथे पेन्सिल. दुसऱ्या क्रमांकावर गालांवरचे डाग. डोळ्यांखालचा खळगा आणि हनुवटी सोडून दिल्या. खळग्यात फिलर भरता येतं, पण तिथली कातडी इतकी पातळ असते की ते निळसर दिसू शकतं किंवा सूज राहू शकते. ज्या सावलीचा उल्लेख दोघांपैकी कुणीही केला नाही, तिच्यासाठी हा धोका घ्यायचा नाही असं तिनेच ठरवलं. हनुवटीसाठी फक्त फोन डोळ्यांच्या उंचीवर धरायची सवय.

पायरी सहावी: एका वेळी एकच बदल, बारा आठवडे

डाग घालवायचे म्हणजे आधी नवे डाग पडणं थांबवायचं. बहिणीला आठवड्याला दोन-तीन मुरुम नव्याने येत होते, म्हणजे ती गळक्या नळाखाली फरशी पुसत होती. त्वचारोगतज्ज्ञांनी तिला रात्री लावायला ॲडॅपलीन नावाचं मुरुमांवरचं औषध दिलं. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, फक्त डागांवर ठिपके देऊन नाही, आणि सुरुवातीला एक रात्र सोडून एक. गरोदर असताना किंवा तसा विचार असताना हे लावायचं नसतं, हे डॉक्टरांनी आधी विचारून घेतलं. दिवसा सनस्क्रीन, दोन बोटांवर रेघ ओढून येईल एवढं. निम्मं लावलं की लेबलवरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. तपकिरी डागांसाठी रंग मिसळलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन जास्त उपयोगी, कारण असे डाग साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात आणि बिनरंगी सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही.

इथे माझी चूक झाली. त्याच आठवड्यात मी तिला एक नवा फेसवॉशही दिला. दहाव्या दिवशी गाल सोलवटले आणि झोंबायला लागले. औषधामुळे की फेसवॉशमुळे, हे कळायला मार्गच नव्हता. दोन्ही बंद करून, नुसतं मॉइश्चरायझर लावून आठवडाभर थांबलो, मग औषध एकटंच पुन्हा सुरू केलं. दोष फेसवॉशचा निघाला. एकाच वेळी दोन बदल केले की आठवडा फुकट जातो, शिवाय कधीकधी चांगलं औषध बदनाम होतं.

बारा आठवडे का, तर अशा औषधांचा खरा परिणाम दिसायला साधारण तेवढा काळ लागतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत कोरडेपणा येतो आणि मुरुम थोडे वाढूही शकतात. बहुतेक लोक नेमके तेव्हाच सोडतात. म्हणून रोज आरशात निकाल पाहायचा नाही. दर चार आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी, त्याच दीड मीटरवरून फोटो घ्यायचा. मोजायचं काय ते आधीच लिहून ठेवायचं. आम्ही दोन आकडे धरले: आठवड्यातले नवे मुरुम आणि फोटोत मोजता येणारे डाग.

चौथ्या आठवड्याला नवे मुरुम तेवढेच होते, आणि ती वैतागली होती. आठव्याला आठवड्याला एक. बाराव्याला दोन आठवड्यांत एखादा. डाग अकराचे आठ झाले, उरलेलेही फिके. सहा महिन्यांनी तीन. बाराव्या आठवड्याला दोन्ही आकडे हलले नसते तर "अजून थोडं थांबू" असं म्हणायचं नाही, डॉक्टरकडे परत जाऊन उपचार बदलायचा, असं आधीच ठरलेलं होतं. कानशिलाजवळचे दोन खड्डे जसेच्या तसे राहिले. तिने त्यांच्यासाठी चार रकाने भरले, तिसरा भरताना थांबली आणि पान उलटलं.

ही रीत कुणाला लागू पडत नाही

काही जणांची यादी या पायऱ्यांनी लहान होत नाही. फोटो पाहिले, दोघांना विचारलं, कुणालाच काही दिसलं नाही, तरी ती एकच जागा दिवसातून तासभर किंवा जास्त वेळ डोक्यात घोळते, पुन्हा पुन्हा आरशात तपासली जाते, तिच्यामुळे बाहेर जाणं टाळलं जातं. याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, आणि ते वाटतं तितकं दुर्मीळ नाही. साधारण शंभरात दोघांना असतं. त्यांच्यासाठी फोटोंची ही पायरी उलट घातक ठरते, कारण तपासणीला आणखी एक निमित्त मिळतं. शस्त्रक्रियेने यात बहुधा समाधान मिळत नाही, तक्रार तिथेच राहते किंवा शेजारच्या जागी जाते. ठरावीक प्रकारची समुपदेशन-चिकित्सा आणि मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली औषधं मात्र कामाला येतात. तेव्हा वही बंद करायची आणि पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञांची घ्यायची.

बहिणीचं नाक अजून कंसात आहे. वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी तिने वही उघडली, पहिल्या दिवसाचा दीड मीटरवरचा फोटो पाहिला, आणि मला विचारलं, "ताई, यात बघायचं काय होतं?"